लोहचुंबक चिकटला नाही, म्हणून मी फसले

आमचा फ्लॅट टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. मागची बाल्कनी चार बाय नऊ फुटांची, त्यातच वॉशिंग मशीन आणि त्यातच दोन नायलॉनच्या दोऱ्या. कोणी पाहुणं आलं की हॉलमधून थेट आमचे टॉवेल आणि पेटीकोट दिसायचे. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जून लागला की वारा आडवा येतो, कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात आणि सगळ्या घराला कुबट वास सुटतो. म्हणून यंदा मे महिन्यात ठरवलं की मशीनच्या वर शटरचं कपाट करायचं आणि छताला पुलीवर वरखाली होणारे सहा पाईप लावायचे. कपडे वर गेले की नजरेआड.

माणूस ओळखीतून आला. स्वच्छ मराठी बोलणारा, आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. दोन कानडी कंत्राटदारांचे भाव आधीच घेतले होते, पण 'आपला माणूस' म्हणून काम ह्याला दिलं. आता लिहिताना माझं मलाच हसू येतंय. त्या दोघांपैकी एकाने न विचारता पाईपची जाडी सांगितली होती, आणि मला वाटलं, हा उगाच हुशारी दाखवतोय.

कपाटाचे सोळा हजार आणि हँगरचे 5,800 ठरले. कपाट ठीक निघालं, खोटं कशाला बोलू. फसवणूक झाली ती हँगरमध्ये.

त्याने मोबाईलवर लिहून पाठवलं होतं: '304 स्टील, 20 गेज, 6 पाईप, 6 फूट.' 304 म्हणजे सहसा गंज न धरणारा स्टीलचा चांगला प्रकार, आणि गेज म्हणजे पाईपच्या पत्र्याची जाडी. फिटिंगच्या दिवशी मी विचारलं, हे 304च आहे कशावरून? त्याने खिशातून लोहचुंबक काढून पाईपला टेकवला. चिकटला नाही. "बघा की वहिनी, चिकटतंय काय? आयुष्यभर गंज धरत नाही." माझं समाधान झालं. सासूबाईंनीही मान डोलावली. त्याच दिवशी सगळे पैसे दिले आणि एका चिटोऱ्यावर 'स्टील हँगर सेट 1' एवढंच लिहून घेतलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर, बरोब्बर छातीवर, एक पिवळसर तपकिरी आडवी रेघ दिसली. मला वाटलं चहा सांडला असेल. दुसऱ्या दिवशी तशीच रेघ उशीच्या अभ्र्यावर. मग लक्षात आलं की कपडा पाईपवर जिथे दुमडतो तिथेच ती पडते. स्टुलावर चढून पाईपच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढली तर आत पाणी साठलेलं, आणि पाईपची कापलेली कड तांबूस झालेली. बाहेरून बघितलं तर पाईप आरशासारखा चकचकीत.

मी फोन केला तर म्हणाला, "तुमच्या पावडरमुळं डाग आहे, लिंबू लावून पुसा."

आणि चार-पाच दिवसांनी सकाळी धाडकन आवाज झाला. दोरी बांधायच्या बाजूची पट्टी छतातून उखडून खाली लोंबकळत होती आणि अख्खी धुलाई मशीनवर पडली होती. मुलगा नुकताच तिथून दात घासून आत आला होता. त्या क्षणाबद्दल मी जास्त लिहीत नाही.

शेजारच्या काकांचा भाऊ उद्यमबागेत टर्नर आहे. तो संध्याकाळी येऊन बघून गेला. आधी छत बघितलं. पट्टी चार साध्या स्क्रूंवर होती आणि आत प्लास्टिकच्या गिट्ट्या. भोक जेमतेम इंचभर खोल, त्यातला निम्मा भाग नुसता गिलावा. म्हणजे स्लॅबमध्ये पकड जवळजवळ नाहीच. त्याने मला एक गोष्ट समजावली, जी मला त्या माणसाने सांगायला हवी होती. पाईपच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या शेवटी एकाच पट्टीवरून वळून खाली भिंतीच्या हुकाला येतात, त्यामुळे त्या पट्टीवर दुसरीपेक्षा जवळजवळ तिप्पट ओढ पडते. ओले कपडे आणि पाईप मिळून 13 किलो धरले तर लांबच्या पट्टीवर साडेसहा किलो आणि जवळच्या पट्टीवर साडेएकोणीस. शिवाय दोरी सोडताना बसणारे हिसके वेगळे. तिथे गिट्टी चालतच नाही. लोखंडी अँकर फास्टनर हवा, तोही गिलावा सोडून स्लॅबमध्ये निदान दोन इंच गेलेला.

मग पाईपची पाळी. "काकी, तुमचा किचनचा वजनकाटा आणा," म्हणाला. काट्यावर एक वाटी ठेवून शून्य केलं, वाटीत पाईप उभा धरला आणि छताला टेकू दिला नाही. 425 ग्रॅम. त्याने मोबाईलवर हिशेब केला. बाहेरचा व्यास 19 मिलिमीटर. 20 गेज म्हणजे जाडी सुमारे 0.9. व्यासातून जाडी वजा करून येणाऱ्या आकड्याला जाडीने आणि मग 0.025 ने गुणलं की एका मीटरचे किलो निघतात, ते 0.407. सहा फूट म्हणजे 1.83 मीटर, म्हणून पाईप 740 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. माझा 425 भरला, म्हणजे जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. 20 गेजचे पैसे घेऊन निम्म्याच्या जवळपास स्टील लावलं होतं.

मी म्हटलं, पण चुंबक तर चिकटला नव्हता. तो हसला. 304 ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही. 202 मध्ये महाग निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते. चकाकी सारखी, चुंबकाचं उत्तरही सारखं, फक्त ओलाव्यात आणि साबणाच्या पाण्यात ते लवकर डाग धरतं. उलट अस्सल 304 सुद्धा वाकवलेल्या जागी किंचित चुंबक ओढतं. म्हणजे चुंबक दाखवणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर तुम्हाला अडाणी समजत असतो.

दुसऱ्या दिवशी पाईपचा तुकडा घेऊन तो भंगारवाल्याकडे गेला. त्यांच्याकडे बाटलीतलं एक औषध आणि 9 व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी टेकवली की मँगनीजवालं स्टील काही सेकंदांत लाल रंग दाखवतं. आमचं लालभडक झालं. त्याचा व्हिडिओ त्याने मला पाठवला.

तो व्हिडिओ, वजनाचा फोटो आणि त्याचा स्वतःचा '304, 20 गेज' वाला मेसेज, तिन्ही एकत्र मी कंत्राटदाराला पाठवले. खाली लिहिलं की ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवते आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. दोन तासांत फोन आला. "वहिनी, 202 पण स्टीलच की! एवढं काय मनावर घ्यायचं." शेवटी 4,000 परत आले. चिटोऱ्यावर ग्रेड नव्हता, मेसेज नसता तर तेही आले नसते. उरलेल्या अठराशेसाठी मी भांडले नाही. माझा तेवढा जीव नव्हता.

नवे पाईप आम्ही उद्यमबागेतून स्वतः आणले. दुकानातच काट्यावर ठेवले आणि बिलावर ग्रेड, जाडी, वजन तिन्ही लिहून घेतलं. दुकानदार कानडीत काहीतरी पुटपुटला, पण लिहून दिलं. जुने सहा पाईप वडिलांनी खानापूरला नेले. परड्यात दोडक्याच्या वेलाला लावलेत. परवा फोनवर म्हणत होते, वेल चांगला चढलाय, पाईप मात्र लाल व्हायला लागलेत.