पेरोलचा वॉकथ्रू: फाइलपासून बँकेकडे, की बँकेपासून माणसाकडे?

वॉकथ्रू म्हणजे एका कर्मचाऱ्याचा एका महिन्याचा पगार धरायचा, आणि तो कुठल्या कागदातून, कुणाच्या हातातून, कुठल्या स्क्रीनवरून गेला ते त्या त्या माणसाच्या शेजारी बसून पाहायचं. हे दोन दिशांनी करता येतं. हाताशी दोनच दिवस असतील तर आधी कुठली दिशा घ्यायची, हे तुम्ही काय शोधताय त्यावर ठरतं.

पहिली दिशा नेमणूकपत्रापासून: एचआरची फाइल, मग पेरोल मास्टरमधली नोंद, हजेरी, पगारपत्रक, मंजुरी आणि शेवटी बँक. कामाची पद्धत समजून घ्यायला ही उत्तम. कोण काय भरतं, कोण तपासतं, कुठे एकच माणूस दोन्ही करतो, हे लख्ख दिसतं. पण बोगस कर्मचारी या वाटेवर भेटत नाही, कारण त्याची एचआरकडे फाइलच नसते. फाइल असलेल्यांमधून नमुना काढलात, तर सगळेच खरे निघणार.

दुसरी दिशा उलटी. बँकेतून ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येक नावामागे जिवंत माणूस आहे का ते पाहायचं. ही यादी बँकेकडून थेट घ्या, पेरोल विभागाच्या एक्सेलवर विसंबू नका.

मी पाहिलेलं एक प्रकरण सांगतो. मार्चचा पगार 212 जणांना गेला होता आणि एचआरच्या यादीत 209 नावं होती. जास्तीच्या तिघांपैकी दोघे 26 तारखेला रुजू झालेले, एचआरची यादी 25 ला काढलेली. त्यांचा प्रश्न मिटला. तिसऱ्याने जानेवारीअखेर नोकरी सोडली होती. एचआरने तसं कळवलंही होतं, पण मास्टरमध्ये नोंद बंद झाली नव्हती. 25 फेब्रुवारीला त्याचं बँक खातं मात्र बदललं गेलं होतं. नवीन खातं आणखी एका कर्मचाऱ्याच्या नावासमोरही होतं: पेरोल लिपिकाच्या.

मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला हे का दिसलं नाही? तो दर महिन्याला एकूण रक्कम आणि माणसांची संख्या मागच्या महिन्याशी ताडून पाहायचा. सोडून गेलेल्याचाच पगार चालू ठेवला की दोन्ही आकडे जागच्या जागी राहतात. नवं नाव घुसवलं असतं तर कदाचित शंका आली असती. म्हणून आकडेमोड एचआरच्या नोंदींवरून करावी: मागची संख्या, अधिक रुजू झालेले, वजा सोडून गेलेले.

एकाच खात्यावर दोन नावं शोधताना एक खबरदारी. एक्सेलमधलं `COUNTIF` अंकांचा मजकूरही संख्या म्हणून वाचतं आणि 15 अंकांपुढचं सोडून देतं, त्यामुळे लांब खाते क्रमांक खोटेच जुळतात. खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवा आणि हे वापरा:

```
=SUMPRODUCT(--($C$2:$C$213=C2))
```

उत्तर 1 पेक्षा जास्त आलं म्हणजे लबाडीच असं नाही. एकाच ठिकाणी काम करणारे नवरा-बायकोही संयुक्त खातं देतात.

परस्पर वाढवलेल्या पगारासाठी पुन्हा दोन मार्ग आहेत. दोन महिन्यांच्या अखेरचे मूळ पगाराचे दर शेजारी ठेवणं सोपं, आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच होतं. पण दर पगार काढण्याआधी वाढवून नंतर पूर्ववत केला, तर महिनाअखेरच्या दोन्ही याद्या सारख्याच दिसतात. मास्टरमधल्या बदलांची नोंदवही, म्हणजे चेंज लॉग, हे पकडते. प्रत्येक बदलासमोर सही केलेलं पत्र मागायचं. मात्र पासवर्ड तिघांत वाटलेला असेल तर लॉगमधलं नाव कुणाचंच नसतं, आणि पेरोलवाल्यालाच लॉग बंद करता येत असेल तर तो तपासून उपयोग नाही.

मंजुरी तपासताना ‘तुम्ही काय पाहता?’ असं विचारलं की सगळे ‘सगळं पाहतो’ म्हणतात. त्यापेक्षा ‘मार्चची मंजुरी कशी दिलीत ते करून दाखवा’ म्हणा. वरच्या प्रकरणात मंजुरीचा ईमेल संध्याकाळी 5:40 चा होता, आणि बँकेची फाइल 4:10 लाच चढवलेली होती. शिवाय ती फाइल साध्या मजकुराची, कुणालाही उघडून बदलता येण्यासारखी. बेरीज तशीच ठेवून फक्त खाते क्रमांक बदलता येतो, म्हणून मंजूर पगारपत्रक आणि बँकेची यादी खातेनिहाय जुळवावी लागते.

दोनच दिवस असतील तर मी पहिला दिवस उलट्या दिशेला देईन आणि दुसरा चेंज लॉगला. सरळ दिशेने एकच माणूस चालवायचा, पण तो चिठ्ठी टाकून निवडायचा नाही: नुकताच सोडून गेलेला, खातं बदललेला किंवा महिन्याच्या मधेच पगार वाढलेला घ्यायचा.