लेफ्ट की हॅड लेफ्ट?

इंदूरच्या भंवरकुआंच्या क्लासला जाणारी आपली मराठी मुलं इंग्रजीचा एक नियम पाठ करून येतात: भूतकाळात दोन घटना दिसल्या की पहिलीला ‘हॅड’. अर्धा नियम आहे हा. ‘वी एट पोहा, वॉक्ड टु राजवाडा अँड टुक अ बस’ यात तीन घटना आहेत, पण ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्यामुळे सगळीकडे साधा भूतकाळ चालतो. सांगणारा एका क्षणावर उभा राहून मागे वळला, तरच पूर्ण भूतकाळाची गरज पडते.

‘बाय द टाइम’ आणि ‘ऑलरेडी’ दिसले की फारसा विचार करावा लागत नाही. ‘बाय द टाइम’च्या तुकड्यात साधा भूतकाळ आणि दुसऱ्या तुकड्यात बहुधा ‘हॅड’. खरी कसोटी ‘व्हेन’ची. हा प्रश्न बघा:

व्हेन वी रीच्ड इंदूर स्टेशन, द अवंतिका ____. द प्लॅटफॉर्म वॉज एम्प्टी.

पहिलंच वाक्य वाचलं तर ‘लेफ्ट’ आणि ‘हॅड लेफ्ट’ दोन्ही व्याकरणात बसतात. ‘लेफ्ट’ म्हणजे आपण पोचलो आणि गाडी आपल्या डोळ्यांसमोर हलली. ‘हॅड लेफ्ट’ म्हणजे ती आधीच गेलेली. निकाल लावतो तो रिकामा फलाट, म्हणून ‘हॅड लेफ्ट’. त्याच जागी ‘आजी वेव्ह्ड ॲट अस फ्रॉम द विंडो’ असतं, तर ‘लेफ्ट’ घ्यावं लागलं असतं. म्हणून ‘व्हेन’ दिसलं की रिकाम्या जागेवर थांबू नका, पुढचं वाक्य वाचा. पर्यायांवर खूण करायची घाई इथेच नडते.

‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ची गोष्ट वेगळी. क्रम ते शब्दच सांगून टाकतात, त्यामुळे ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड’ हे बोलण्यात अगदी बरोबर आहे. परीक्षेत मात्र दोन्ही पर्याय समोर असतील तर ‘हॅड लेफ्ट’च घ्यावं, कारण अशा प्रश्नाला सहसा तेच उत्तर अपेक्षित असतं. ‘हॅड’ कुठे लावायचं ते असं: ‘आफ्टर’ असेल तर त्याच्याच तुकड्यात, ‘बिफोर’ असेल तर दुसऱ्या तुकड्यात.

आपल्याला फसवते ती आपलीच मराठी. ‘मी काल सराफ्यात गेलो होतो’ यातला ‘होतो’ पाहून मुलं ‘आय हॅड गॉन टु सराफा यस्टरडे’ लिहितात. मागेपुढे दुसरी घटना नाही, फक्त ‘काल’ आहे. मग ‘आय वेन्ट’. पण ‘आई आली तेव्हा मी जेवलो होतो’ यातल्या ‘होतो’ला खरोखरच ‘हॅड’ लागतो, कारण आईचं येणं हा क्षण वाक्यातच दिलेला आहे. तेव्हा ‘होतो’ दिसला की आधी विचारा: कशाच्या आधी?