नुसते मसुदे की सलग निवेदन? एका कथेच्या दोन मांडण्या

रोजगार मेळाव्याच्या आदल्या रात्री एक बाई नोंदणी अर्जातील ‘स्वतःविषयी थोडक्यात’ हा रकाना पुन्हा पुन्हा लिहिते, या कल्पनेवर कथा लिहायची असेल, तर पहिला निर्णय मांडणीचा असतो. कथा केवळ तिच्या मसुद्यांची करावी, म्हणजे निवेदकाचा एकही शब्द न घालता एकामागून एक खर्डे वाचकापुढे ठेवावेत, की तृतीयपुरुषी निवेदनातून ती रात्र सांगावी आणि मसुद्यांतल्या ओळी अधूनमधून दाखवाव्यात? एकच सामग्री दोन्ही साच्यांत घालून पाहिली, म्हणजे निवड सोपी होते.

सामग्री अशी धरू. वैशाली यांत्रिकी शाखेची पदविकाधारक आहे. 2008 ते 2014 अशी सहा वर्षे तिने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले, बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परतली नाही. आता 2023 साल आहे आणि शासनाच्या कौशल्य विकास विभागाने भरवलेल्या मेळाव्यात तिला उभे राहायचे आहे. वर्षे आधी ठरवून घ्यावीत असे मी आग्रहाने म्हणेन, कारण प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली ती 2017 च्या दुरुस्तीने. 2014 मधल्या वैशालीला 26 आठवड्यांची रजा दिली, तर कारखान्यात काम केलेला वाचक तिथेच थांबेल.

रजेवर जाण्याआधी घडलेली एक गोष्ट कथेच्या पोटात आहे. भोकांचा व्यास तपासण्याच्या प्लग गेजला दोन टोके असतात. ‘गो’ टोक भोकात जायला हवे आणि ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. एका संध्याकाळी नो-गो टोकही सहज आत जाऊ लागले, म्हणजे भोके मापापेक्षा मोठी झाली होती. मोठे झालेले भोक पुन्हा लहान करता येत नाही, म्हणून वैशालीने 400 नगांचा तो लॉट नाकारला. सुपरवायझरने माल पुढे जाऊ द्यायला सांगितले, तिने सही केली नाही आणि पुढच्या आठवड्यापासून तिला पॅकिंगला बसवले.

केवळ मसुद्यांच्या कथेत हा प्रसंग कोणी सांगत नाही, तो झिजत जाताना दिसतो. पहिला मसुदा वडिलांचे नाव, जन्मतारीख, उंची आणि ‘मनमिळाऊ स्वभाव’ असा निघतो, कारण याआधी तिने स्वतःविषयी लिहिलेला एकमेव कागद लग्नाचा होता. पाचव्या मसुद्यात अचानक ओळ येते: ‘नो-गो बाजू आत जात असल्यामुळे मी 400 नगांचा लॉट नाकारला.’ नवव्यात तिचे ‘लॉट नाकारण्याचे निर्णय घेतले’ असे होते, आणि चौदाव्यात उरते केवळ ‘गुणवत्तेबाबत जागरूक’. सुपरवायझर, पॅकिंगचे टेबल, न केलेली सही यांतले काहीही छापलेले नसते, तरी आकडा आणि गेज गाळताना तिचा हात का कचरला असेल हे वाचक स्वतः जुळवतो. हे सामर्थ्य दुसऱ्या मांडणीत नाही. तिथे खोडलेली ओळ दाखवायची, तर ‘तिने ती ओळ खोडली’ असे म्हणावे लागते आणि म्हटले की निम्मी गंमत गेली.

मराठी क्रियापदही या मांडणीला हात देते. ‘मी तपासणी करत होते’ यात बाई दिसते, ‘मी तपासणी केली’ यात ती दिसत नाही, आणि ‘तपासणीचा 6 वर्षांचा अनुभव’ यात माणूसच उरत नाही. मसुदा जसजसा ‘व्यावसायिक’ होतो तसतशी ती वाक्यातून बाहेर पडते, आणि हे दाखवण्यासाठी लेखकाला एकही विशेषण खर्च करावे लागत नाही.

मात्र याच मांडणीत कथा फसण्याची शक्यता जास्त आहे. अर्जातला मजकूर साठेक शब्दांचा धरला, तर चौदा मसुदे पूर्ण छापल्यास आठशेहून अधिक शब्द होतात आणि त्यांतले बहुतेक तेच ते असतात. सहाव्या मसुद्यानंतर वाचक ओळी गाळू लागतो. म्हणून छापावेत पाच किंवा सहाच, पण क्रमांक मूळचे ठेवावेत: 1, 2, 5, 9, 14. मधले आकडे गायब असल्याने रात्र किती लांबली ते न सांगता कळते. दोन शेजारचे मसुदे अदलाबदल करून पाहावेत. कथेला काही फरक पडला नाही, तर त्यांतला एक काढून टाकावा. प्रत्येक मसुद्यात एकच ठळक बदल असावा, नाहीतर वाचकाला कथा सोडून दोन उताऱ्यांतले फरक शोधत बसावे लागते.

सलग निवेदनाची बाजू घरातल्या माणसांमुळे बळकट होते. वैशालीच्या सासूबाई ‘अगं, नऊ वर्षं घरी होतीस हे कशाला लिहितेस, विचारलं तर सांग’ म्हणतात. नवरा चष्मा कपाळावर सरकवून ‘कामातील खंड’ हा शब्द सुचवतो आणि त्यावर खूश होतो. मसुद्यांत ही माणसे आणायची, तर त्यांच्या सूचना कागदाच्या समासात लिहिलेल्या दाखवाव्या लागतील, आणि हा खटाटोप एकदा शोभतो, तिसऱ्यांदा कृत्रिम वाटतो. शिवाय मेळावा प्रत्यक्ष दाखवायचा असेल, म्हणजे टेबलापलीकडचा माणूस तिचा कागद न वाचताच ‘आधी कुठे होता?’ असे विचारतो हा क्षण हवा असेल, तर निवेदनाला पर्याय नाही. त्याची खोड एवढीच की लेखक तिच्या मनात शिरून भोसरीची सगळी हकिगत सांगू लागतो, आणि मग मसुदे ही आठवणी काढण्याची केवळ सबब बनतात. ‘तिला आठवले’ हे शब्द पानापानावर येऊ लागले की हे घडते आहे असे समजावे.

दोन्ही मांडण्यांची सरमिसळ, म्हणजे मसुदा, मग प्रसंग, मग मसुदा, हा मार्ग सुरक्षित वाटतो, पण मला तो सर्वांत कमी पसंत आहे. मसुद्याने जे लपवले ते पुढचा परिच्छेद लगेच उघड करतो आणि वाचकाला जुळवायला काही शिल्लक राहत नाही.

तेव्हा तुमच्या कथेचा ताण त्या 400 नगांत असेल, तर मसुदे घ्या. तो सासूबाई आणि नवऱ्याच्या त्या समंजस सूचनांत असेल, तर निवेदन घ्या. दिवाळी अंकासाठी दोन हजार शब्दांच्या आत बसवायचे असेल, तर पारडे मसुद्यांकडे झुकते, कारण त्यांत घर आणि रात्र उभी करण्यावर शब्द जात नाहीत. मसुदे घेतलेत, तर शेवटच्या मसुद्यात नाकारलेला लॉट दिमाखाने परत आणण्याचा मोह होईल. त्याऐवजी ‘हाताळलेली उपकरणे’ या ओळीत व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेजनंतर ‘प्लग गेज’ एवढेच लिहू द्यावे.