दोन कॅमेऱ्यांचं शूट: कार्ड डंप करायला साधी कॉपी, रिझॉल्व्ह की ऑफशूट?

नागपुरात छोट्या बजेटच्या शूटवर दोन सोनी एफएक्स३ कॅमेरे, १२८ जीबीची एसडी कार्डं आणि एक लॅपटॉप हा नेहमीचा संच. कार्डावरचं फुटेज ड्राइव्हवर उतरवायचे तीन मार्ग समोर असतात: फाइंडर किंवा एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट, डाव्हिन्ची रिझॉल्व्हमधलं फुकट मिळणारं क्लोन टूल, किंवा ऑफशूट, शॉटपुट प्रो यांसारखं विकतचं सॉफ्टवेअर.

कॉपी-पेस्ट आम्ही यादीतूनच काढतो. कॉपी संपली की खिडकी बंद होते. ड्राइव्हवर जे लिहिलं गेलं ते पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडलं जात नाही. केबल सैल असेल, रीडर खराब असेल, तरी फाइलचा आकार बरोबर दिसू शकतो आणि आत काही फ्रेम फुटलेल्या असतात. एडिटला कळतं तोवर कार्ड फॉरमॅट झालेलं असतं. पण त्याहून जास्त वेळा घात होतो तो नावांचा. एफएक्स३ मूळ सेटिंगवर क्लिपला `C0001.MP4` अशी नावं देतो. दोन्ही कॅमेऱ्यांवर `C0001` असू शकतं. ए कॅमेऱ्याच्या फोल्डरवर बी कॅमेऱ्याच्या क्लिप टाकल्या, की संगणक विचारतो: बदलायचं का? घाईत ‘हो’ दाबलं की सकाळचे टेक गेले.

म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर हवंच. तिसऱ्या दिवशीचं ए कॅमेऱ्याचं सातवं कार्ड असं:

```
NGP_D03_20260512/A007/PRIVATE/M4ROOT/CLIP/C0001.MP4
```

नाव फोल्डरला द्यायचं, आतल्या क्लिपला नाही. `C0001M01.XML` ही सोबतची फाइल त्याच नावावर क्लिपशी जोडलेली असते. फक्त क्लिपचं नाव बदललं की ती जोडी तुटते. `PRIVATE` फोल्डर अख्खं उचलायचं, नुसत्या एमपी४ वेचायच्या नाहीत. कार्डाच्या डबीवरच्या टेपवरही `A007` हेच लिहायचं.

आता उरलेले दोन. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल उघडा, जॉब जोडा, सोर्सला कार्ड आणि डेस्टिनेशनला दोन ड्राइव्हवरचं `A007` फोल्डर ओढून टाका. तीन ठिपक्यांच्या मेनूत चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, एमडी५ प्रकारचा निवडा. तिथे ‘फाइल साइझ’ हाही पर्याय आहे, पण तो पडताळणी म्हणून धरू नका. फोल्डर मात्र दर वेळी हातानेच बनवावं लागतं, आणि थकलेल्या माणसाकडून `A007` ऐवजी `A006` मध्ये टाकणं इथेच घडतं.

ऑफशूट इथे पुढे जातो. नावाचा साचा एकदा ठरवला की फोल्डर तोच बनवतो, आधी उतरवलेलं कार्ड पुन्हा लावलं तर ओळखतो, आणि एमएचएल फाइल तयार करतो. त्यात प्रत्येक क्लिपचा चेकसम असतो, त्यामुळे मुंबईचा एडिटर आपल्याकडे आलेली प्रत त्याच आकड्यांशी ताडून पाहू शकतो.

पण सॉफ्टवेअर घेण्याआधी ड्राइव्ह बघा. ४के २५पीला एक्सएव्हीसी एस-आय हा रेकॉर्डिंग फॉरमॅट २५० मेगाबिट प्रतिसेकंद लिहितो, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड साधारण ६८ मिनिटांत भरतं. दुसरी प्रत १२० एमबी प्रतिसेकंद चालणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर लिहायला १८ मिनिटं आणि परत वाचून पडताळायला आणखी १८. दोन कॅमेऱ्यांची दोन कार्डं म्हणजे ७२ मिनिटं. नाटकासारखं सलग रेकॉर्डिंग असेल तर कार्ड उतरवणारा डेटा रँगलर मागेच पडत जाणार, मग पडताळणी वगळायचा मोह होतो. दोन्ही प्रती एसएसडीवर घेतल्या तर एक कार्ड २० मिनिटांच्या आत उरकतं. पैसे मोजकेच असतील तर ते आधी दुसऱ्या एसएसडीला द्या. मे महिन्यात रामटेकला उघड्यावर काम असेल तर एसएसडी गाडीच्या बॉनेटवर किंवा लॅपटॉपखाली ठेवू नका; तापली की ती स्वतःचा वेग पाडते आणि हा सगळा हिशेब कोलमडतो.

चेकसम जुळला म्हणजे प्रत कार्डासारखीच आहे, एवढंच. कॅमेऱ्यातच बिघडलेली क्लिप तितकीच हुबेहूब बिघडलेली उतरते. म्हणून क्लिपची संख्या कॅमेरा असिस्टंटच्या नोंदीशी जुळवा, पहिली, मधली आणि शेवटची क्लिप ड्राइव्हवरून चालवून बघा, आणि दोन्ही प्रती पास झाल्यावरच कार्ड परत द्या. फॉरमॅट कॅमेऱ्यातच, तेही असिस्टंटने करायचं.

दिवसाला चार-पाच कार्डं आणि एडिट नागपुरातच असेल तर रिझॉल्व्ह पुरतं. तीन कॅमेरे असतील, दोन माणसं आळीपाळीने डंप करत असतील किंवा ड्राइव्ह कुरिअरने बाहेर जाणार असेल, तर ऑफशूट घ्या.