प्रोबेशन वाढवायचं की थांबवायचं?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. १ जानेवारीला डिस्पॅचमध्ये दोन मुलं रुजू झाली, दोघांचं प्रोबेशन सहा महिन्यांचं. जून अर्धा झाला तेव्हा सुपरवायझर दोघांबद्दल एकच बोलला, "मॅडम, बरे आहेत, पण पक्कं करायला मन होत नाही." दोघेही वेळेवर येत, ट्रान्सपोर्टवाल्यांशी नीट बोलत. अडचण ई-वे बिलाची, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची होती. गाडीचा नंबर चुकला की ट्रक वाटेत अडतो आणि फोन आपल्याला येतो.

"बरा आहे" यावरून निर्णय होत नाही, म्हणून मी मार्च ते मेच्या चुका महिनावार काढल्या. पहिल्याच्या ९, ६ आणि ३. दुसऱ्याच्या ६, ७ आणि ६. तीन महिन्यांची बेरीज जवळपास सारखीच, १८ आणि १९. नुसती बेरीज पाहिली असती, तर दोघांनाही एकच पत्र गेलं असतं.

पहिल्याची चूक कमी होत होती आणि कारणही सापडलं होतं. सायंकाळी सहानंतर गाड्या एकदम लागत आणि तो नंबर फोनवर ऐकून टाकत असे. गाडीचा फोटो मागवायला सांगितल्यापासून फरक पडला. अशा माणसाला मुदतवाढ द्यावी, कारण वाढीव दिवसांत काय बदलणार हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याला तीच पद्धत दाखवली, आठ दिवस शेजारी माणूस बसवला, तरी आकडा जागचा हलला नाही. त्याला मुदतवाढ म्हणजे आपला अवघड संवाद दोन महिने पुढे ढकलणं, आणि त्या दोन महिन्यांत तो दुसरी नोकरी शोधणार नाही. हे मला जास्त अन्यायाचं वाटतं.

मुदतवाढीत तारखेचा हिशेब आधी करा. १ जानेवारीपासून सलग सेवा धरली, तर लीप वर्ष नसताना २८ ऑगस्टला २४० दिवस भरतात. पगारी रविवार आणि सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात. कायद्याच्या व्याख्येत कामगार असणाऱ्याचे २४० दिवस झाले, की कमी करताना महिन्याची नोटीस आणि भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून पहिल्याला आम्ही तीन महिने न देता १५ ऑगस्टपर्यंतच वाढ दिली. दीड महिन्यात कल स्पष्ट होतो. नेमणूकपत्रही उघडून बघा. प्रोबेशनची कमाल मुदत त्यात लिहिली असेल आणि ती उलटून माणूस कामावर राहिला, तर तो कायम झाला असा दावा होऊ शकतो. वाढीचं पत्र जुनी मुदत संपायच्या आत हातात पडायला हवं. १ जुलैला दिलेलं पत्र उशिराचं.

थांबवताना पत्रातला शब्द सांभाळा. "प्रोबेशनमधील काम समाधानकारक न आढळल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे" एवढं पुरतं. "बेजबाबदार", "लबाड" असं काही लिहिलं, की ते पत्र त्या माणसावरचा ठपका ठरतं, आणि चौकशी न करता ठपका का ठेवला, हा प्रश्न कोर्टात विचारला जातो. खरंच गैरवर्तन घडलं असेल, तर प्रोबेशनची आडवाट धरू नये, चौकशीच करावी.

आता सांगायचं कसं. मी दोघांना वेगवेगळ्या दिवशी, २० जूनच्या आसपास, सुपरवायझरसोबत बसवलं. पहिल्याला म्हटलं, "तुमचं प्रोबेशन १५ ऑगस्टपर्यंत वाढवतोय. जुलैत चुका दोनच्या आत हव्यात. दर शनिवारी आपण दहा मिनिटं आकडा बघू." त्याने विचारलं, "मंग पगार तोच राहील का?" हो, पगार तोच, कायम झाल्यावरची वाढ मात्र तेव्हाच. हे त्याने विचारायच्या आधी मीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्याशी पहिल्याच वाक्यात निर्णय सांगितला: "३० जूनला आपण तुमची सेवा थांबवतोय." चहापाणी, घरची चौकशी आधी केली असती, तर पुढचं ऐकताना त्याला ती फसवणूक वाटली असती. मग तीन महिन्यांचे आकडे त्याच्यासमोर ठेवले. तो म्हणाला, "मॅडम, अजून एक महिना द्या ना." इथे सुपरवायझर विरघळतो, "बघू" म्हणतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "निर्णय झालाय, तो बदलणार नाही. तुमचा हिशेब आणि अनुभवाचं पत्र मात्र अडणार नाही." सेवा संपल्यावर पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, म्हणून अकाउंट्सला तारीख आधीच कळवली होती. लोडिंगवाल्यांशी त्याचं छान जमायचं, हे त्याच्या पत्रात लिहिलं, कारण ते खरं होतं.