झेरॉक्समध्ये गेलेले रंग: जर्मनच्या पुस्तकासोबत नऊ महिने

आधी कबुली. पुस्तक मैत्रिणीचं होतं आणि मी त्याची झेरॉक्स काढली. कोरं पुस्तक साडेनऊशेला, झेरॉक्स स्पायरलसकट तीनशे दहाला. ही चोरीच आहे, पण स्टाफ नर्सच्या पगारात तेव्हा तो शहाणपणा वाटला होता. जर्मनीतल्या हॉस्पिटलला पुढे भाषेची बी-टू पातळी लागणार, सुरुवात सगळ्यात खालच्या ए-वनपासून.

पहिले दोन महिने मजेत गेले. मराठी माणसाला जर्मन आकडे उलटे वाटतच नाहीत. इंग्रजीत समजावणारे सगळे 'आधी एकक, मग दशक' म्हणून घाबरवतात. आपण एकवीस म्हणतो, ते आइन-उंट-त्स्वान्त्सिश म्हणतात, म्हणजे एक-आणि-वीस. जर्मनमध्ये नामाआधी लिंग सांगणारं आर्टिकल येतं: पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास. मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी, डास मेडशेन, याचंही मला नवल वाटलं नाही. आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच.

तेव्हा मी पुस्तकाला पाचपैकी पाच दिले असते. एकच कुरकूर होती: सूचना जर्मनमध्ये आणि वर्गासाठी लिहिलेल्या. 'जोडीदाराला विचारा' असं दर दुसऱ्या पानावर. जोडीदार कुठला, हॉस्टेलच्या भिंतीला विचारायचे.

गोची कळली ती आठव्या महिन्यात. ऑनलाइन शिकवणाऱ्या ताईंना एक परिच्छेद तपासायला दिला होता, विषय 'पेशंटला काय दुखतं'. परत आला तो लालेलाल. चुका जवळजवळ एकाच जातीच्या. हात म्हणजे हांट, हा शब्द मी सगळीकडे पुल्लिंगी लिहिला होता. 'मी हात धुते' याला 'इश वाशे डेन हांट', कारण कर्म झालं की डेरचं डेन होतं. ताईंनी विचारलं, "डेर हांट कुठून आणलंस?" मी छाती ठोकून पुस्तकातलं वाक्य दाखवलं: 'इन डेर हांट', हातात. डेर लिहिलंय की!

आता त्यातली मेख. शब्द डी हांट असाच आहे, स्त्रीलिंगी. पण 'हातात, पायात' अशा ठिकाणी, म्हणजे डाटिव्हमध्ये, स्त्रीलिंगी 'डी'चं 'डेर' होतं. पुल्लिंगी मूळ रूपासारखंच दिसतं. पाय म्हणजे डास बाइन, तो तिथे 'इम बाइन' होतो. मराठीत हात आणि पाय दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे कानालाही काही खटकलं नाही. वाक्यातून लिंग ओळखायला गेलं की असं फसायला होतं.

मग पुस्तकात शब्दाचं लिंग दिलेलंच नाही का? मी तावातावाने मैत्रिणीचं मूळ पुस्तक उघडलं. प्रत्येक धड्याच्या शब्दपेटीत निळा म्हणजे डेर, लाल म्हणजे डी, हिरवा म्हणजे डास. माझ्या प्रतीत तिन्ही करडे! सहाशे चाळीस रुपये वाचवून मी लिंगच वगळून भाषा शिकले होते.

इथवर लिहून वाटतंय की सगळा दोष माझ्या कंजूषपणाचा नाही. रंग हे काही उत्तर नव्हे. पेटीतल्या शब्दाआधी नुसतं आर्टिकल छापलं असतं तरी भागलं असतं. शिवाय रंग अनेकवचन सांगत नाहीत: एक हांट, दोन हेंडे. परीक्षा घेणाऱ्या गोथे इन्स्टिट्यूटची ए-वनची शब्दयादी फुकट मिळते, साधारण साडेसहाशे शब्दांची, आणि तिच्यात नामापुढे आर्टिकल आणि अनेकवचन दोन्ही असतं. ती समोर ठेवून मी तीन पेनांनी वही नव्याने लिहिली. रात्रपाळीत पाच आठवडे लागले. काही शब्दांना शेवटावरून पकडता येतं: 'उंग' आला की डी (वोनुंग, रेशनुंग), 'शेन' आला की डास. हांटला मात्र असं काही नाही, घोकायचंच.

ऑडिओबद्दल थोडक्यात: फोनवर ऐकता येतो, वेग ठीक. परीक्षेत मात्र ऐकण्याच्या एका भागातल्या घोषणा एकदाच वाजतात, तेव्हा घरी परत-परत लावायची सवय मोडा. आणि नावाचं स्पेलिंग सांगायचा सराव पुस्तकापेक्षा जास्त करा. जाधव म्हणजे योट, आ, डे, हा, आ, फाउ. मी परीक्षेत घाबरून जे, ए अशी इंग्रजी सुरुवात केली. जर्मनमध्ये 'ए' म्हणजे ई हे अक्षर, त्यामुळे नाव भलतंच झालं. तरी शंभरात एकाहत्तर आले, पास व्हायला साठ लागतात.

मराठीत समजावणारं पुस्तक हवं होतं, असं राहून राहून वाटतं. 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, हे सांगायला इंग्रजीत समजावणाऱ्यांचं अख्खं पान खर्ची पडतं. आपलं क्रियापद शेवटीच असतं. दोन ओळींत संपलं असतं.

पुढच्या पातळीचं पुस्तक मी कोरं घेतलं, तिन्ही रंगांसकट. उत्तरं मात्र त्यात नाहीत, ती वेबसाइटवरून उतरवून घ्यायची. घेतली, आणि त्यांची झेरॉक्सच काढली. उत्तरांना रंग लागत नाहीत.