गजकर्णासाठी दोन ट्यूब : साधी की मिक्स?

वहिनींनी दोन ट्यूब समोर ठेवल्या. सहा वर्षांच्या पोराच्या कमरेवर, करदोड्याखाली, रुपयाएवढं गोल गजकर्ण. कडा लाल, मधलं कातडं साफ. एक ट्यूब नुसत्या क्लोट्रिमॅझोलची, म्हणजे बुरशीच्या औषधाची, दुसरी मेडिकलवाल्याने "खाज लवकर बसते" म्हणून दिलेली. तिच्या खोक्यावर क्लोट्रिमॅझोलसोबत बेक्लोमेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड.

खाज आधी मिक्सनेच थांबते, दोन-तीन दिवसांत. पण स्टेरॉइड कातडीची लढायची ताकद दाबतं, लाली जाते आणि बुरशी आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा मोठा होऊन परततो, तोही कडा पुसट झालेला, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. लेकरांची कातडी पातळ. स्टेरॉइडने जांघेत, चेहऱ्यावर ती आणखी पातळ होते, वळ उठतात, ते जात नाहीत.

साधी ट्यूब सावकाश चालते. जागा धुऊन कोरडी करायची, तुरीच्या दाण्याएवढं मलम चट्ट्यावर आणि भोवती दोन बोटं रुंद लावायचं, दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे सुरूच. बहुतेक जण इथेच चुकतात. घामाचा करदोडा तेवढे दिवस काढून ठेवा.

अंगावरच्या एक-दोन चट्ट्यांना साधीच ट्यूब. डोक्यात असेल, केस गळत असतील, चट्टे बरेच असतील किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल, तर डॉक्टरकडे. डोक्यातल्याला पोटातून औषध लागतं. मिक्स आधीच लावली असेल तर तेही त्यांना सांगा. मिक्स ट्यूब घरच्या घरी कुणालाच नको.